वर्तुळं बरोबर, तरी उत्तर चूक

नमस्कार मॅडम, मी ग्रामीण बँकेच्या परीक्षेची तयारी करते आहे, पेपर मराठीतून देणार आहे. रीझनिंगमधलं बाकी बरंच जमतं, पण सिलॉजिझममध्ये घात होतो. प्रत्येक विधानाची वर्तुळं काढते, आकृती बघून निष्कर्ष तपासते, तरी गुण जातात. कालच्या टेस्टमधला प्रश्न बघा: सर्व कप बशा आहेत. काही बशा चमचे आहेत. एकही चमचा ताट नाही. माझ्या आकृतीत कप आणि चमचे कुठेच भेटत नव्हते, म्हणून मी 'एकही कप चमचा नाही' हा निष्कर्ष बरोबर धरला. चुकला. मैत्रिणीच्या आकृतीत दोन्ही वर्तुळं एकमेकांत गेली होती, तिने 'काही कप चमचे आहेत' बरोबर धरला. तोही चुकला! वर्तुळांचा नाद सोडून नियमच पाठ करू का? शक्यतेचे आणि 'केवळ काही'चे प्रश्न तर मी सोडूनच देते.
— एक वाचक, परभणी

तुझी आकृती बरोबर आहे आणि तुझ्या मैत्रिणीचीही. दोन्हींत सगळे कप बशांच्या आत आहेत, काही बशा चमच्यांत आहेत, चमचे आणि ताटं वेगळे आहेत. तिन्ही विधानं पाळली गेली. दोघींनी वह्या शेजारी ठेवून पाहिल्या असत्या तर उत्तर समोरच होतं. तुझ्या आकृतीत 'काही कप चमचे आहेत' खोटं पडतं. तिच्या आकृतीत 'एकही कप चमचा नाही' खोटं पडतं. विधानं पाळणारी पण निष्कर्ष खोटा पाडणारी एक जरी आकृती काढता आली, तर तो निष्कर्ष निघत नाही. तुमच्यापैकी प्रत्येकीने एकच आकृती काढली आणि तिलाच सगळं विचारलं, एवढीच गडबड झाली.

म्हणून वर्तुळं सोडू नकोस. नियमांचे तक्ते पाठ करणारी मुलं दोन विधानांच्या प्रश्नात वेगाने जातात, पण तीन-चार विधानं आली, त्यात शक्यता आली, की कुठला नियम कुठे लावायचा यातच त्यांचा वेळ जातो. शिवाय ते सगळे नियम शेवटी वर्तुळांवरून पडताळता येतात. तुला बदलायचं आहे ते आकृतीकडे बघणं. आत्ता तू आकृतीला विचारतेस, 'हे दिसतंय का?' त्याऐवजी विचारायचं, 'हे मोडता येतं का?'

असं का करावं लागतं ते आधी समजून घे. वाक्याला गप्प राहता येतं, आकृतीला येत नाही. 'सर्व कप बशा आहेत, काही बशा चमचे आहेत' ही वाक्यं कप आणि चमचे यांच्याबद्दल एक अक्षर बोलत नाहीत. पण कागदावर चमच्यांचं वर्तुळ काढायची वेळ आली की ते कुठेतरी काढावंच लागतं. कपात शिरवून काढलंस तर आकृती म्हणते 'काही कप चमचे आहेत', लांब काढलंस तर म्हणते 'एकही नाही'. विधानांनी न सांगितलेली गोष्ट तुझ्या पेन्सिलने सांगून टाकली, आणि दोन मिनिटांनी तीच तू पुरावा म्हणून वाचलीस.

ही अडचण जुनी आहे. वर्तुळांची ही पद्धत प्रसिद्ध झाली ती लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञामुळे. बर्लिनमध्ये असताना, १७६०च्या दशकाच्या सुरुवातीला, त्याने एका जर्मन राजकन्येला विज्ञान समजावणारी पत्रं लिहिली, त्यातल्या काहींत त्याने तर्कातली विधानं वर्तुळं काढून समजावली. पुढे १८८०मध्ये केंब्रिजच्या जॉन वेनने त्यातली नेमकी हीच उणीव दाखवली: वर्तुळांचं नातं आपल्याला पुरतं माहीत नसलं तरी ऑयलरच्या पद्धतीत ते काढताना ठरवून टाकावं लागतं. वेनचा उपाय असा, की सगळी वर्तुळं आधी एकमेकांत पुरती अडकवून काढायची, म्हणजे सगळे संभाव्य भाग तयार होतात. मग जो भाग रिकामा आहे असं विधान सांगतं तो काळा करायचा आणि जिथे कुणीतरी आहे असं सांगतं तिथे फुली मारायची. आपण क्लासमध्ये ज्याला सरसकट वेन आकृती म्हणतो, ती बहुतेक वेळा ऑयलरची आकृती असते.

मग खरी वेन आकृतीच का काढू नये? तीन गटांचा प्रश्न असेल तर खुशाल काढ. पण तुझ्या प्रश्नात कप, बशा, चमचे, ताटं असे चार गट आहेत. चार गटांचे सगळे मेळ दाखवायला बाहेरचा भाग धरून १६ भाग लागतात, आणि चार वर्तुळं कशीही काढलीस तरी १४च्या वर भाग होत नाहीत. वेनने स्वतः चार गटांसाठी लंबवर्तुळं वापरली. परीक्षेच्या घाईत लंबवर्तुळं काढत बसणं परवडत नाही. त्यामुळे आकृती ऑयलरचीच ठेवायची, पण वेनची फुली उसनी घ्यायची. मी मुलांना हेच शिकवते, आणि यात काम भागतं.

आता तुझाच प्रश्न सुरुवातीपासून सोडवू. रफ पेपर घे आणि बरोबरीने काढत चल.

विधानं दिलेल्या क्रमाने काढायची गरज नाही. आधी 'सर्व' आणि 'एकही नाही' ही विधानं घे, कारण ती हद्द ठरवतात. 'काही'चं विधान नंतर. तेव्हा पहिल्यांदा बशांचं मोठं वर्तुळ आणि त्याच्या आत कपांचं लहान वर्तुळ काढ. कपाची रेषा बशीबाहेर जाऊ शकत नाही, एवढंच या विधानाने पक्कं केलं. आकृतीत कपाभोवती बशांची मोकळी जागा दिसते खरी, पण ती जागा भरलेली आहे असं कुणी सांगितलेलं नाही. उद्या सगळ्या बशा कपच निघाल्या तरी 'सर्व कप बशा आहेत' हे विधान खरंच राहतं. म्हणून 'काही बशा कप नाहीत' असा निष्कर्ष दिला तर तो निघत नाही. उलट 'काही बशा कप आहेत' हा निघतो, कारण परीक्षेत ज्या गटाचं नाव घेतलं त्यात निदान एक तरी वस्तू आहे असं धरून चालतात. आधुनिक तर्कशास्त्र हे आपोआप धरत नाही. कॉलेजात तर्कशास्त्र घेतलेली मुलं इथे अडखळतात, पण बँकेच्या पेपरात हे धरायचंच.

दुसऱ्यांदा 'एकही चमचा ताट नाही'. चमच्यांचं आणि ताटांचं वर्तुळ वेगवेगळं, आणि दोघांच्या मध्ये एक ठळक आडवी रेघ मार. ती रेघ म्हणजे भिंत, ती कधीही ओलांडायची नाही. ताटांचं वर्तुळ मात्र तुटक रेषेने काढ. ताटांबद्दल आपल्याला फक्त चमच्यांपासून दूर राहायचं माहीत आहे. ती बशांत आहेत का, कपांत आहेत का, कुठेच नाहीत का, याबद्दल विधानं गप्प आहेत. बरीच मुलं ताटांचं वर्तुळ कागदाच्या उजव्या टोकाला एकटं काढतात आणि मग 'एकही बशी ताट नाही' हे बरोबर म्हणून टिक करतात. तुटक रेषा दिसली की हात आपोआप थबकतो.

शेवटी 'काही बशा चमचे आहेत'. चमच्यांचं वर्तुळ बशांच्या वर्तुळात शिरू दे आणि दोघांच्या सामाईक भागात एक फुली मार. फुलीचा अर्थ, इथे निदान एक वस्तू नक्की आहे. आता प्रश्न असा, की ही वस्तू कपाच्या आत आहे का बाहेर? माहीत नाही. मग फुली कपाच्या रेषेवरच मार. चमच्यांचं वर्तुळ कपाच्या रेषेला जेमतेम स्पर्श करेल असं काढ आणि बरोबर त्या जागी फुली ठेव. रेषेवरची फुली सांगते की मी कुठल्या बाजूला आहे ते ठरलेलं नाही, मला आत ढकल नाहीतर बाहेर, दोन्ही चालेल. तू आणि मैत्रीण, दोघींनी जे नकळत ठरवून टाकलं, ते ही फुली उघडं ठेवते.

मूळ आकृती झाली. यापुढे वर्तुळं रबर बँडसारखी समज: ती ताणता येतात, आकसता येतात, सरकवता येतात. तीन गोष्टींना मात्र हात लावायचा नाही. आत असलेलं वर्तुळ बाहेर येणार नाही, भिंत ओलांडली जाणार नाही, आणि फुली पुसली जाणार नाही. या तीन अटींत राहून निष्कर्ष मोडायचा.

पहिला निष्कर्ष, काही कप चमचे आहेत. मोडायचा तर कप आणि चमचे वेगळे करता आले पाहिजेत. फुली कपाच्या रेषेबाहेर ढकल, चमच्यांचं वर्तुळ थोडं मागे ओढ. कप बशीतच आहेत, फुली बशी आणि चमचा या दोन्हींत शाबूत आहे, भिंतीला धक्का नाही. कप आणि चमचे सुटे झाले. निष्कर्ष मोडला, म्हणजे निघत नाही.

दुसरा, एकही कप चमचा नाही. हा मोडायला फुली आत ढकल. आता ती वस्तू कपही आहे, बशीही आणि चमचाही. कुठलंच विधान दुखावलं नाही. हाही निघत नाही.

तिसरा, काही बशा ताटं नाहीत. हा मोडायचा म्हणजे एकूण एक बशी ताटांच्या वर्तुळात कोंबायची. तुटक वर्तुळ ताणत ताणत बशांवर पसरव. सगळं झाकत येतं, पण फुली जिथे आहे तिथे अडतं. ती फुली चमच्यात आहे आणि चमचा-ताट यांच्यात भिंत आहे. ती वस्तू बशी आहे आणि ताट होऊच शकत नाही. कसंही ओढलंस तरी मोडत नाही, म्हणून हा निष्कर्ष निघतो. निष्कर्ष निघतो म्हणजे काय ते इथे नीट बघून घे: तो आकृतीत दिसतो म्हणून नाही, तर मोडायला गेल्यावर नेमकी कुठली गोष्ट आडवी आली ते बोट ठेवून दाखवता येतं म्हणून. इथे फुली आणि भिंत आडवी आली. आडवं येणारं काही सापडत नसेल, तर तू अजून पुरेसं ओढून पाहिलं नाहीस.

याच निष्कर्षाला उलटं करून 'काही ताटं बशा नाहीत' असं दिलं तर? ऐकायला जवळजवळ तेच वाटतं. पण हा मोडायला सगळी ताटं बशांच्या आत न्यायची आहेत. ताटांचं वर्तुळ आकसून बशीच्या एखाद्या मोकळ्या कोपऱ्यात, चमच्यांपासून दूर ठेव. सहज बसलं. म्हणजे हा निघत नाही. 'काही आहेत' आणि 'एकही नाही' ही वाक्यं उलटवली तरी अर्थ तोच राहतो, 'काही नाहीत' उलटवता येत नाही. 'सर्व'ही उलटवता येत नाही, पण ते बहुतेकांच्या लक्षात असतं. गुण जातात ते 'काही नाहीत'पाशी.

आता पुन्हा पहिल्या दोन निष्कर्षांकडे ये. काही कप चमचे आहेत, आणि एकही कप चमचा नाही. दोन्ही मोडले. पण दोन्ही एकाच वेळी मोडणारी आकृती काढून बघ. निघणार नाही. कप आणि चमचे कुठेतरी भेटले तर पहिला खरा होतो, कुठेच भेटले नाहीत तर दुसरा खरा होतो, तिसरा मार्गच नाही. म्हणून कालच्या प्रश्नात पर्यायांमध्ये 'एक तर पहिला किंवा दुसरा' असं असेल, तर तेच उत्तर. तुम्ही दोघी एकाच उत्तराच्या दोन अर्ध्या भागांवर टिक करून आलात.

हे 'आयदर-ऑर' लावायच्या आधी तीन गोष्टी बघून घे. दोन्ही निष्कर्ष एकेकटे मोडले पाहिजेत. एक जरी नक्की निघत असेल तर 'किंवा'चा प्रश्नच येत नाही. दोन्हींत गट तेच असले पाहिजेत. आणि जोडी अशी हवी की एक खोटं पडलं की दुसरं खरं व्हायलाच हवं. 'काही आहेत' आणि 'एकही नाही' ही अशी जोडी आहे. 'सर्व आहेत' आणि 'काही नाहीत' हीसुद्धा. पण 'सर्व कप चमचे आहेत' आणि 'एकही कप चमचा नाही' ही जोडी चालत नाही, कारण अर्धे कप चमच्यांत आणि अर्धे बाहेर अशी आकृती काढली की दोन्ही एकदम खोटी पडतात. आणि 'सर्व कप चमचे आहेत' याच्यासोबत 'काही चमचे कप नाहीत' दिलं असेल, तर सावध हो, क्रम उलटा आहे. 'काही कप चमचे नाहीत' असं डोळ्यांनी वाचून पुढे गेलेल्यांसाठीच तो पर्याय ठेवलेला असतो.

शक्यतेचे प्रश्न सोडून देतेस, तर ते खरं म्हणजे यापेक्षा सोपे आहेत. फक्त कसोटी उलटी आहे. साधा निष्कर्ष सगळ्या आकृत्यांत टिकला पाहिजे, म्हणून आपण मोडणारी एक आकृती शोधतो. शक्यता एका आकृतीत खरी ठरली तरी पुरते, म्हणून तिथे जुळवणारी एक आकृती शोधायची. 'सर्व कप ताटं असण्याची शक्यता आहे' हे घे. फुली कपाबाहेर ढकल, कप चमच्यांपासून सुटे कर, आणि ताटांचं तुटक वर्तुळ ताणून सगळ्या कपांवर घाल. ते बशांच्या आत जाईल, त्याला कुणाची हरकत नाही. चमच्याला ते कुठे शिवत नाही. जमलं, म्हणजे शक्यता बरोबर. आता 'सर्व बशा ताटं असण्याची शक्यता आहे' बघ. तुटक वर्तुळ बशांवर ताणायला गेलीस की पुन्हा तीच फुली आडवी येते. जमत नाही, म्हणजे शक्यता चूक. तिसऱ्या निष्कर्षाचं आणि याचं काम एकच आहे हे लक्षात आलं असेल. 'काही बशा ताटं नाहीत' हे नक्की निघालं, त्याच क्षणी 'सर्व बशा ताटं' ही शक्यता संपली. सराव झाला की असे दोन निष्कर्ष एका फटक्यात उरकतात.

प्रत्येक निष्कर्ष तपासताना मूळ आकृतीकडे परत यायचं, ही गोष्ट मात्र कटाक्षाने पाळ. कप ताटांत बसवून बघितले तेव्हा आपण फुली बाहेर ढकलली होती. ती आकृती तशीच समोर ठेवून पुढचा निष्कर्ष वाचलास तर 'एकही कप चमचा नाही' हे पुन्हा खरं वाटायला लागेल. ज्या सरकवासरकवी केल्या त्या त्या निष्कर्षापुरत्याच. म्हणून मूळ आकृती पेनने काढ आणि सरकवणं पेन्सिलने किंवा नुसत्या बोटाने कर. संगणकावरच्या परीक्षेत रफ पेपर एकच मिळाला तर बोटच बरं.

'केवळ काही' हा प्रकार बँकेच्या पेपरात अलीकडच्या वर्षांत बराच दिसतो, त्यामुळे तो सोडून चालणार नाही. नुसत्या 'काही'चा परीक्षेतला अर्थ 'निदान एक' असा आहे, सगळे असले तरी तो खराच राहतो. घरी आपण 'काही पाहुणे आले' म्हणतो तेव्हा बाकीचे आले नाहीत असं गृहीत असतं, ते इथे चालत नाही. 'केवळ काही बशा चमचे आहेत' यात मात्र दोन गोष्टी आहेत: काही बशा चमचे आहेत, आणि काही बशा चमचे नाहीत. म्हणजे दोन फुल्या. एक बशी-चमचा या सामाईक भागात, दुसरी बशीच्या आत पण चमच्याच्या बाहेर.

तुझ्या प्रश्नातलं दुसरं विधान 'केवळ काही बशा चमचे आहेत' असं बदलून बघ. 'सर्व बशा चमचे असण्याची शक्यता आहे' हे लगेच मोडतं, कारण दुसरी फुली चमच्यात ओढता येत नाही. 'सर्व चमचे बशा असण्याची शक्यता आहे' हे टिकतं, चमच्यांचं वर्तुळ आकसून बशीच्या आत घेतलं की झालं. बंधन बशांवर आहे, चमच्यांवर नाही. 'सर्व कप चमचे असण्याची शक्यता आहे', याचं काय? इथे खूप जण चुकतात. बशांवर बंधन आहे, कप बशांच्या आत आहेत, म्हणून कपांवरही बंधन आलं असं त्यांना वाटतं. पण दुसरी फुली बशीत असली तरी ती कपाच्या आत आहे असं कुणी सांगितलं? तीही कपाच्या रेषेवरची फुली आहे. तिला बाहेर ढकल, पहिली आत घे, आणि चमच्यांचं वर्तुळ सगळ्या कपांवर ओढ. बशांतली एक वस्तू चमच्याबाहेर उरलीच. शक्यता बरोबर.

'केवळ काही कप' आणि 'केवळ कपच' यांत घोटाळा करू नकोस. 'केवळ कपच बशा आहेत' याचा अर्थ कप सोडून दुसरं काही बशी नाही, म्हणजे सर्व बशा कप आहेत. इथे बशांचं वर्तुळ कपांच्या आत जातं, वाचताना वाटतं त्याच्या उलट. मराठी वाक्य वाचून शंका आली तर स्क्रीनवर भाषा बदलून इंग्रजी विधान एकदा बघून घे. 'ओन्ली अ फ्यू' आणि 'अ फ्यू' यांत फरक आहे. पहिल्याला दोन फुल्या, दुसऱ्याला नुसत्या 'काही'सारखी एक. भाषांतरात हा 'केवळ' कधी पुसट होतो, आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जात असताना तेवढी दोन सेकंदं घालवणं परवडतं.

सरावासाठी एकच गोष्ट सांगते. टेस्टमध्ये जो निष्कर्ष चुकला, त्याच्यासमोर वहीत नुसतं बरोबर उत्तर लिहू नकोस. तू बरोबर धरलेला निष्कर्ष निघत नव्हता, तर तो मोडणारी आकृती तिथे काढ. तू चूक धरलेला निष्कर्ष निघत होता, तर मोडताना कुठली फुली, कुठली भिंत, किंवा कुठलं आतलं वर्तुळ आडवं येतं त्यावर गोल कर. तुझ्या वहीत आत्ता ज्या चुका आहेत, त्यांच्यावरच आधी हे करून बघ. त्यातल्या बऱ्याच चुका ताटांच्या त्या एकट्या वर्तुळासारख्या निघतील: विधानांनी कुठेही सांगितलं नव्हतं आणि तुझ्या पेन्सिलने जागा ठरवून टाकली होती. मैत्रिणीसोबत बसत असशील तर आणखी बरं. एकीने मूळ आकृती काढायची, दुसरीने निष्कर्ष वाचायचा आणि तो मोडून दाखवायचा. मोडला नाही तर काय आडवं आलं ते सांगायचं. कालचा कप-बशांचा प्रश्न 'केवळ काही'सकट आज संध्याकाळी असाच सोडवा, आणि 'काही कप ताटं नाहीत' हा निष्कर्ष त्यात घालून बघा. तो निघत नाही. मोडणारी आकृती तुम्ही काढा. सुरुवात दोन्ही फुल्या कपाबाहेर ढकलून करायची.